मोबाइलवर नवरी पिवळी, अल्बममध्ये काळपट: मॉनिटर कॅलिब्रेशन आणि ग्रे कार्ड खरंच लागतं का?

दारव्ह्याचा फोटोवाला
पिवळ्या कापडाच्या मांडवात भर दुपारचं लग्न शूट केलं. लॅपटॉपवर एडिट करताना चेहरे एकदम छान दिसत होते. व्हॉट्सॲपवर पाठवले तर नवरी पिवळी आणि तिचा राणी रंगाचा शालू भडक. अल्बम छापून आला तर सगळंच काळपट. एक जण म्हणतो मॉनिटर कॅलिब्रेट कर, म्हणजे यंत्राने मोजून त्याचे रंग बरोबर कर, दुसरा म्हणतो शूट करताना राखाडी रंगाचं ग्रे कार्ड वापर. दोन्हीवर पैसे घालायची ऐपत सध्या नाही. आधी काय करू? की दोन्ही फालतू आहे?

वरूडचा शूटर
फालतू आहे भाऊ. मले एक सांगा, पाहणाऱ्याच्या मोबाइलवर रंग कसा दिसंल हे आपल्या हाती आहे काय? एकाचा मोबाइल स्वस्तातला, दुसऱ्याचा महागडा, तिसऱ्याची काच फुटलेली. सारे वेगवेगळे. मंग आपलाच मॉनिटर मोजून काय उपयोग? मी एडिट झालं की दोन-तीन मोबाइलवर पाहून घेतो आणि देऊन टाकतो. गिऱ्हाईकाले नवरी गोरी पाह्यजे, बस.

छपाईवाला, नागपूर
अल्बमच्या लॅबमध्ये काम करतो, त्यामुळे अशा फायली रोज बघतो. तक्रारी तीन आहेत आणि तिन्हींचं मूळ एक नाही.

काळपट छपाई आधी घ्या, कारण ती दुरुस्त करायला एक रुपया लागत नाही. लॅपटॉपचा ब्राइटनेस पूर्ण ठेवून बसलं की फोटो आहे त्यापेक्षा उजळ वाटतो, म्हणून माणूस एक्स्पोजर खाली ओढतो. कागदाच्या मागे दिवा नसतो, तिथे तो ओढलेला फोटो आहे तसा दिसतो, म्हणजे काळा. छपाईसाठी एडिट करताना पडद्याचा पांढरा साधारण 100 ते 120 कँडेला प्रति चौरस मीटर असावा. मोजायचं यंत्र नसलं तरी कॅमेरा आहे ना? पडद्यावर पूर्ण पांढरं पान उघडा, फोकस मुद्दाम हलवा, फ्रेम पांढऱ्याने भरा. आयएसओ 100, अपर्चर f/4 ठेवून मीटरची सुई मध्यावर आणा. शटर 1/50 ते 1/60 आलं तर तुम्ही त्या पट्ट्यात आहात. 1/160 आलं तर पडदा 320 च्या आसपास आहे, म्हणजे जवळपास तिप्पट उजेड. लेन्समध्ये थोडा उजेड मुरतो, त्यामुळे हा अंदाज आहे, पण एवढी मोठी चूक पकडायला पुरतो.

दोन दिवस पडदा मेल्यासारखा वाटेल. मग डोळा बसतो.

आता वरूडच्या भाऊंचा मुद्दा. मोबाइल सगळे वेगळे आहेत हे खरं, म्हणूनच तर आपला पडदा मध्यावर पाहिजे. कुणाचा मोबाइल थोडा निळा, कुणाचा थोडा पिवळा. तुमचा पडदा निळसर असेल तर तुम्ही नकळत प्रत्येक फोटोत पिवळा ओतता, आणि तो पिवळा सगळ्यांच्या मोबाइलवर जातो. ज्याचा मोबाइल आधीच पिवळसर आहे त्याच्याकडे दुप्पट. शिवाय माणसाचा डोळा स्वतःच्या मोबाइलला सरावलेला असतो. त्याच मोबाइलवर तो दिवसभर दुसऱ्यांचे फोटो बघतो, त्यांच्या शेजारी तुमचाच पिवळा पडला की त्याला लगेच कळतं.

वरूडचा शूटर
म्हणजे मोबाइलवर पाहून पाठवतो हे चुकीचं काय?

छपाईवाला, नागपूर
शेवटी एकदा बघायला चांगलंच आहे. पण त्यावरून रंग ओढू नका. बऱ्याच अमोलेड मोबाइलमध्ये डिस्प्ले `Vivid` वर असतो, तो लाल-हिरवा मुद्दाम फुगवतो. `Natural` वर टाका आणि रात्रीचा पिवळा फिल्टर बंद करा, मग बघा. लॅपटॉपवरही `Night light` चालू ठेवून एडिट करणारे लोक आहेत, त्यांच्या फायली आल्या की ऑपरेटर एकमेकांकडे बघून हसतात.

शालू भडक होण्याचं कारणही तुमच्या पॅनेलमध्ये असण्याची शक्यता जास्त. स्वस्त लॅपटॉपचे पॅनेल sRGB या नेहमीच्या रंगपट्ट्यातले बरेच रंग दाखवूच शकत नाहीत, लाल तर विटकरीकडे झुकतो. तुम्हाला शालू फिका दिसतो, तुम्ही सॅच्युरेशन वाढवता, चांगल्या पडद्यावर तो डोळ्यात घुसतो. आणि हे कॅलिब्रेशननेही सुटत नाही. जो रंग पॅनेलकडे नाहीच, तो रंग मोजणारा कलरीमीटर तरी कुठून आणणार? अशा लॅपटॉपला बाहेरून आयपीएस मॉनिटर जोडणं हाच उपाय, आणि पडद्यावर खर्च करायचाच असेल तर माझ्या मते पहिला खर्च हा.

वर्धेचा मास्तर
हौशी आहे, पण थोडंफार वाचलं आहे. ग्रे कार्डवर कशाला पैसे घालता? मांडवात कुणाची तरी पांढरी टोपी, धोतर, नाहीतर साधा ए-फोर कागद असतोच. लाइटरूममध्ये ड्रॉपर घ्या, पांढऱ्यावर टिचकी मारा, व्हाइट बॅलन्स तयार. पांढरं ते पांढरं.

छपाईवाला, नागपूर
मास्तर, अर्धं बरोबर. रंगहीन वस्तूवर टिचकी मारायची ही कल्पना तीच आहे. पण आपल्याकडची पांढरी टोपी नीळ घालून धुतलेली असते, आणि कागदात चमक आणणारं रसायन असतं, ते उन्हातले अतिनील किरण घेऊन निळा उजेड परत फेकतं. ड्रॉपरला वाटतं हा जास्तीचा निळा उजेडातला आहे, तो निळा काढतो, आणि चेहरे पिवळे होतात. म्हणजे नवरी पिवळी होण्याचा आणखी एक रस्ता. शिवाय पांढरं कापड उन्हामुळे फोटोत जास्तच उजळलेलं असलं, तिन्ही रंगांचे आकडे वर टेकलेले असले, तर त्यातून काहीच कळत नाही.

दारव्हेकरांचं उदाहरण घ्या. पिवळ्या कापडाखाली नवरीच्या चेहऱ्याजवळ कार्ड धरून एक फ्रेम काढली असती, तर लाइटरूममध्ये त्या कार्डाचे आकडे साधारण लाल 60, हिरवा 59, निळा 44 टक्के असे काहीतरी आले असते. कार्ड राखाडी, म्हणजे तिन्ही सारखे हवेत. निळा एवढा खाली आहे याचा अर्थ कापडाने तो गाळून घेतला. ड्रॉपर मारला की टेम्परेचर खाली येतं, तिन्ही आकडे जुळतात, आणि तोच व्हाइट बॅलन्स त्या मांडवातल्या सगळ्या फ्रेमवर चढवता येतो. यात तुमचा पडदा कसाही असला तरी फरक पडत नाही, कारण निर्णय आकड्यांनी घेतला, डोळ्यांनी नाही. ज्याच्याकडे चांगला मॉनिटर नाही, त्याने तर कार्ड आधी घ्यावं.

फक्त कार्ड चेहऱ्यावर पडणाऱ्या उजेडाकडेच तोंड करून हवं. फोटोग्राफर ते स्वतःच्या हातात, मांडवाच्या कडेला धरतात. तिथे बाजूने मोकळं ऊन येतं, आणि आकडे त्या उन्हाचे येतात, नवरीच्या उजेडाचे नाही.

पुसदची साडीवाली
माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, चालेल ना? मी लग्नाचे नाही, साड्यांचे फोटो काढते आणि ग्रुपवर विकते. गिऱ्हाइकं म्हणतात, “ताई, फोटोत राणी होती, आली तर जांभळट.” साडी परत येते, कुरिअरचे पैसे माझ्या अंगावर. दुकानात एलईडी बल्ब आहेत. कार्ड घेतलं तर थांबेल का हे?

छपाईवाला, नागपूर
ताई, थोडं थांबेल, पूर्ण नाही. तुमच्या प्रश्नात दोन अडचणी मिसळल्या आहेत. साध्या एलईडीच्या उजेडात गडद लाल अनेकदा कमी असतो. कार्ड राखाडीला राखाडी करेल, पण जो लाल उजेडातच नव्हता तो साडीतून परतणार कुठून? म्हणून साडी दुकानाच्या दाराशी सावलीत धरा, बल्ब बंद करा, मग कार्ड.

दुसरी अडचण राणी रंगाचीच. त्यात लाल इतका तीव्र असतो की चेहऱ्याला बरोबर एक्स्पोजर दिलं तरी साडीत लाल 255 ला, म्हणजे शेवटच्या आकड्याला जाऊन टेकतो. तसं झालं की घडीच्या सावल्या आणि जरीजवळचं विणकाम सपाट होतं, रंगही सरकतो. कॅमेऱ्याच्या हिस्टोग्राममध्ये, म्हणजे उजेडाच्या आलेखात, एकटा लाल बघा. उजवीकडे चिकटला असेल तर एक्स्पोजर अर्धा ते एक स्टॉप कमी करा आणि नंतर सावल्या उचला.

पुसदची साडीवाली
लालचा हिस्टोग्राम मोबाइलच्या कॅमेऱ्यात दिसत नाही. मोबाइलनेच काढते मी.

अचलपूर स्टुडिओ
मोबाइलमध्ये बोट ठेवून उजेड खाली ओढता येतो, ताई. तेवढं करा.

बाकी मला छपाईवाल्यांचं एक पटत नाही. हळदीच्या कार्यक्रमात कार्ड मारलं की सगळी मजा जाते. हळदीचा फोटो पिवळा नाही तर काय? आकडे जुळले म्हणून फोटो चांगला होत नाही. चेहऱ्यावर थोडी ऊब लागतेच. गिऱ्हाइकांनी कार्डवाले फोटो “आजारी दिसते पोरगी” म्हणून परत केलेले पाहिले आहेत.

छपाईवाला, नागपूर
कार्ड उजेडाचा पिवळा काढतं, अंगाला लावलेली हळद नाही. ती कातडीवर आहे, पिवळीच राहणार. उलट मांडवाचा पिवळा गेला की हळद कुठे लागली आणि कुठे नाही ते उठून दिसतं. पण ऊब हवी हे मान्य. कार्डाने शून्य गाठायचं, मग तिथून टेम्परेचर दोन-तीनशे केल्विनने वर न्यायचं, आणि तेवढंच सगळ्या फ्रेमला. नाहीतर अल्बमच्या डाव्या पानावर नवरी एका रंगाची आणि उजव्यावर दुसऱ्या.

अचलपूर स्टुडिओ
दोन-तीनशे कमी पडतं आमच्याकडे. आम्ही पाचशे देतो आणि लोक खूश आहेत. यावर आपलं जमायचं नाही.

आणि दारव्हेकर, कलरीमीटर एकट्याने घेऊ नका. आम्ही चार स्टुडिओंनी मिळून एक घेतलं, फिरवून वापरतो. डिस्प्लेकॅल नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे. व्हाइट पॉइंट 6500 केल्विन, गॅमा 2.2, पडदा अर्धा तास तापल्यावर मोजायचं. आमच्या एडिटिंगच्या खोलीच्या भिंती पोपटी होत्या, दार उघडं ठेवलं की सगळा पोपटी उजेड पडद्यावर. मोजणी नीट व्हायची आणि चेहरे तरी गुलाबीकडे ओढले जायचे. शेवटी भिंत राखाडी केली, तेव्हा बरं झालं.

दारव्ह्याचा फोटोवाला
शटर बघितलं. 1/125 आलं. म्हणजे अडीचशे. ब्राइटनेस खाली आणला, 1/60 वर. आता तोच अल्बम उघडला तर खरंच काळा दिसतोय. छपाईला पाठवताना कुठल्या रंगात द्यायचं? मी ॲडोबी आरजीबीमध्ये देत होतो.

छपाईवाला, नागपूर
तुमच्या लॅबला विचारा, पण वेगळं काही सांगितलं नसेल तर sRGB. ॲडोबी आरजीबीची फाइल प्रोफाइल न वाचणाऱ्या मशीनवर किंवा ॲपवर गेली की कातडी मेलेली, राखाडी दिसते. व्हॉट्सॲपसाठी तर sRGB च.

वरूडचा शूटर
हे सारं दुपारच्या मांडवापर्यंत ठीक. रात्रीच्या वरातीत डीजेचे दिवे दर सेकंदाले लाल-निळे होतात. तिथं कार्ड कोण धरते आणि कोणाच्या तोंडासमोर?

छपाईवाला, नागपूर
तिथे धरू नका. निळ्या दिव्यात कातडीतून लाल परतच येत नाही, ड्रॉपर मारला तर नुसता दाणेदार चिखल हाती येतो. वरातीत फ्लॅश मारा आणि व्हाइट बॅलन्स फ्लॅशवर ठेवा. चेहरा फ्लॅशचा, मागे दिवे रंगीत. फ्लॅश नसेल तर ते फोटो ब्लॅक अँड व्हाइट करून द्या.

वरूडचा शूटर
ब्लॅक अँड व्हाइट दिले तर नवरदेवाचा मामा पैसे देईन काय?