शब्दचर्चा: ‘पांग फेडलेस’ लिहावं का? घरातल्या पहिल्या पदवीधर भाचीसाठी चार ओळी

रबाळ्याचा मामा
नमस्कार मंडळी. माझी भाची बी.कॉम. झाली. आमच्यात डिग्रीपर्यंत पोहोचलेली ती पहिलीच. दाजींचं आयुष्य वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी म्हणून गेलं, ताई दोन घरी पोळ्या करते. कोपरखैरण्याला राहतात. येत्या रविवारी घरीच कार्यक्रम आहे आणि कार्ड लिहून सगळ्यांसमोर वाचायचं काम माझ्याकडे आलंय. मसुदा असा केलाय:

“चि. चिऊ, स्नातक पदवी पूर्ण केल्याबद्दल तुला हार्दिक शुभेच्छा. तू आपल्या घराण्यातील पहिली शिकलेली मुलगी. आईवडिलांचे पांग फेडलेस. आम्हां सर्वांना तुझा अभिमान आहे.”

तिसरं वाक्य लिहिताना हात अडला. पांग म्हणजे नेमकं काय? समोर दाजी बसलेले असताना ते वाचावं का? बाकी कुठे चुकत असेल तर तेही सांगा.

ऐरोलीकर
पांग म्हणजे ऋण. आईवडिलांचे उपकार फेडणं म्हणजे पांग फेडणं. बिनधास्त लिहा, यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. ‘स्नातक’ मात्र काढा, ते हिंदी आहे.

नौपाड्याच्या बाई
मामा, आधी अभिनंदन. ऐरोलीकर, ‘स्नातक’ काढायला हवं हे बरोबर, पण तो शब्द हिंदीचा म्हणून नव्हे. गुरूकडचं शिक्षण संपल्यावर विधिपूर्वक स्नान करून जो घरी परततो तो स्नातक. संस्कृत शब्द आहे. त्याच विधीला आपण सोडमुंज म्हणतो. हिंदीने तो बी.ए., बी.कॉम.साठी घेतला, मराठीने ‘पदवीधर’ घेतला. कोकण पदवीधर मतदारसंघाची निवडणूक आली की ठाण्यात भिंतीभिंतीवर तो दिसतोच, म्हणजे घरातल्या सगळ्यांना कळेल. मुलीसाठीही पदवीधरच. पदवीधारिणी वगैरे करायला जाऊ नका.

आता पांग. पांग म्हणजे ऋण नव्हे. पांग म्हणजे उणीव, गरज, दुसऱ्यावर अवलंबून राहण्याची वेळ. जुन्या मराठीत ‘पांगिला’ म्हणजे परावलंबी. ‘फेडणे’चा मूळ अर्थ सोडवणं, मोकळं करणं. गाठ फेडतात, नवस फेडतात, कर्जही फेडतात. कर्जाशी ते क्रियापद इतकं घट्ट बसलंय की त्याच्या शेजारचा पांगही आपल्याला कर्जासारखा वाटायला लागला. आईवडिलांचे पांग फेडले म्हणजे त्यांच्या आयुष्यातली ओढाताण मुलांनी संपवली, त्यांना सुखाचे दिवस दाखवले.

म्हणून माझी अडचण वेगळी आहे. मुलीची पदवी झाली, पण नोकरी लागली का? आईच्या दोन घरच्या पोळ्या सुटल्या का? तसं झालं नसेल तर पांग अजून फिटायचे आहेत. आज ते वाक्य वाचलंत तर तिच्या डोक्यावर पुढचं ओझं आत्ताच ठेवल्यासारखं होईल.

रबाळ्याचा मामा
बाई, नोकरी नाही अजून. महापेला एक मुलाखत झालीय, उत्तर आलेलं नाही. सध्या संध्याकाळी शेजारच्या सहा पोरांच्या शिकवण्या घेते.

कळव्याची मावशी
मी बाईंइतकी शिकलेली नाही, पण आमच्याकडे पांग असंच म्हणतात आणि ऐकताना आईबापाला बरंच वाटतं. माझा मुलगा आयटीआय करून कंपनीत चिकटला तेव्हा सासूबाई देवापुढे साखर ठेवून हेच म्हणाल्या. त्याचा पहिला पगार यायला अजून महिना होता. पांग पैशाचेच असतात असं कुठे आहे? ज्या घरात शिक्षणाचीच उणीव होती, तिथे पोरगी शिकली की ती उणीव भरली.

नौपाड्याच्या बाई
मावशी, हे मला पटतंय. उणीव शिक्षणाची धरली तर वाक्य आजही खरं आहे. फक्त ऐकणारा ते तसं धरेल का, हे मामांना जास्त माहीत.

घणसोलीकर
गाऊन भाड्याने कुठे मिळतो ते हवं असेल तर सांगतो. दीक्षांतला बहुतेक कॉलेजं स्वतःच देतात, बाहेरून घेऊ नका.

रबाळ्याचा मामा
आभारी आहे, पण गाऊनचा प्रश्न नाही. कार्यक्रम घरी आहे, ती साडी नेसणार आहे.

जुना ठाणेकर
मी आमच्या घरातला पहिला. 1987 साली बी.एस्सी. झालो. वागळे इस्टेटमध्ये एका खोलीत नऊ माणसं होतो. गावाहून आजोबांचं पोस्टकार्ड आलं, ते दुसरीपर्यंत शिकलेले. त्यावर एवढंच होतं: “पास झाल्याचे समजले. रात्री दिवा जळत होता त्याचे चीज झाले. तब्येतीस जपणे.” मी बल्बखाली वाचत बसायचो म्हणून बाकीच्यांची झोपमोड व्हायची, हे त्यांना माझ्या आईने पत्रातून कळवलेलं असणार. त्यांनी ते लक्षात ठेवलं होतं. पुढे बँकेत लागलो, मग पुष्कळ हारतुरे झाले, पण त्यातलं एकही वाक्य आज आठवत नाही. ‘अभिमान आहे’ कोणीही कोणालाही लिहितं, मामा. तुमच्या चिऊचा दिवा कुठला ते लिहा.

पांगबद्दल सांगायचं तर ते आईवडिलांनी म्हणावं. मामाने म्हटलं की ताईच्या घरात कमी होतं असं चारचौघांत सांगितल्यासारखं होतं. माझं मत.

ऐरोलीकर
बाईंचं वाचून घरी विचारलं. आजी म्हणाली, “कशाचा पांग नाही मला”, म्हणजे काही कमी नाही. माझा अर्थ चुकला होता. पण लोक आज ऋण याच अर्थाने वापरतात, मग तोही अर्थ झालाच ना?

नौपाड्याच्या बाई
वापर रुळला की अर्थ सरकतो, हे मान्य. पण तुमच्या आजीच्या तोंडी जुना अर्थ अजून जिवंत आहे, आणि मामांच्या कार्यक्रमात आज्याही बसलेल्या असणार.

आता मसुद्यातल्या बाकीच्या गोष्टी. ‘पदवी पूर्ण केली’ म्हणू नका. अभ्यासक्रम पूर्ण होतो, शिक्षण पूर्ण होतं. पदवी मिळते, किंवा मिळवतात. त्याहून छान तुम्ही प्रश्न विचारताना आपसूक लिहून गेलात: “भाची बी.कॉम. झाली.” मराठीत माणूसच बी.कॉम. होतो, डॉक्टर होतो, वकील होतो. तेच कार्डात घ्या.

‘शुभेच्छा’ पुढे घडायचं असेल त्याला देतात. झालेल्या गोष्टीचं अभिनंदन. महापेच्या नोकरीला शुभेच्छा, पदवीचं अभिनंदन.

आणि ‘पहिली शिकलेली’ हे तर काढूनच टाका. तुमच्या घरात कोणी सातवी, कोणी दहावी झालं असेल. तेही शिकलेलेच आहेत.

रबाळ्याचा मामा
बाई, चांगलं सांगितलंत. दाजी सातवी, मी बारावी. शिवाय दाजींच्या पुतण्याने इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केलाय, तोही रविवारी येणार. ‘पहिली पदवीधर’ म्हटलं तर त्याला लागेल का?

नौपाड्याच्या बाई
डिप्लोमा म्हणजे पदविका, डिग्री म्हणजे पदवी. त्यामुळे ‘पहिली पदवीधर’ हे खरं आहे आणि त्याच्याकडचं काही त्यातून जात नाही. फक्त ‘घराण्यातली’ की ‘घरातली’ ते ठरवा. घराणं म्हटलं की बापाकडची पिढीजात ओळ डोळ्यांपुढे येते. तुम्ही मामा, म्हणजे तुम्ही त्या घराण्यात नाहीच! तुम्हाला दोन्हीकडची म्हणायची असेल तर तसंच लिहा.

कळव्याची मावशी
“माहेरच्या आणि सासरच्या, दोन्ही घरांत पहिली” असं ताईच्या बाजूने लिहा. ताईला रडूच येईल.

ऐरोलीकर
‘नाव काढलंस’ कसं वाटतं? पांगचा प्रश्नच मिटतो.

नौपाड्याच्या बाई
उत्तम. आईवडिलांचं नाव काढलंस म्हणजे त्यांचा लौकिक वाढवलास. त्यात कमतरतेचा वास नाही. वाचताना मात्र ‘आईवडिलांचं’ हा शब्द गाळू नका, कारण नुसतं “त्याचं नाव काढू नकोस” म्हटलं की अर्थ उलटा होतो. डोळ्यांचं पारणं फिटलं, हेही चालेल. एकादशीचा उपास द्वादशीला सोडतात ते पारणं. इतकी वर्षं डोळे उपाशी होते, आज जेवले. पण ते तुमच्या ताईने म्हणावं.

रबाळ्याचा मामा
जुने ठाणेकर, तुमच्या दिव्यावर रात्रभर विचार केला. दाजी पहाटे तीनला मार्केटला निघतात. परीक्षेच्या दिवसांत चिऊ त्यांच्याबरोबर उठायची, त्यांना चहा करून द्यायची आणि ओट्यापाशीच उभ्याने अभ्यास करायची, कारण खाली सगळे झोपलेले. हे मला ताईने सांगितलं होतं, मी विसरलोच होतो. आणखी एक: चौथ्या सेमिस्टरला तिला कॉस्टिंगमध्ये केटी लागली होती. महिनाभर कोणाशी बोलली नाही, मग सुटली. तेही लिहू का?

जुना ठाणेकर
लिहा. पडून उठली, हे सांगितल्याशिवाय पदवीची किंमत कळत नाही.

कळव्याची मावशी
अजिबात नको. शेजारीपाजारी असतील, पुढे स्थळं यायची आहेत. केटी कार्डावर कशाला?

नौपाड्याच्या बाई
हे चिऊला विचारल्याशिवाय आपण इथे ठरवू नये.

रबाळ्याचा मामा
विचारलं. म्हणाली, “मामा, केटी लिही, पण विषयाचं नाव नको.” ती आत गेल्यावर दाजींनाही विचारलं की पांग म्हटलेलं चालेल का. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “ते मी म्हणीन. तू दुसरं काहीतरी म्हण.” म्हणून आता असं केलंय:

“चि. चिऊ, तू बी.कॉम. झालीस, मनापासून अभिनंदन. आईच्या माहेरी आणि सासरी, दोन्ही घरांत तू पहिली पदवीधर. पहाटे तीनला बाबा मार्केटला निघायचे तेव्हा त्यांचा चहा ठेवून तू ओट्यापाशी उभी राहून वाचायचीस. एक केटी लागली, तीही तू त्याच ओट्यापाशी सोडवलीस. आईवडिलांचं नाव काढलंस. महापेच्या नोकरीसाठी शुभेच्छा. तुझा मामा, मामी आणि आजी.”

जुना ठाणेकर
आता हे कार्ड दुसऱ्या कोणाच्या भाचीला देता येणार नाही. एकच शब्द: ‘सोडवलीस’ ठेवा, ‘क्लिअर केलीस’ करू नका.

ऐरोलीकर
केटी सुटते, गाठ सुटते. बाईंचं ‘फेडणे’ आठवलं.

कळव्याची मावशी
केटीबद्दल मला अजून पटलेलं नाही, पण पोरगीच हो म्हणाली तर आपण कोण. एक मात्र बदला. खाली आजीचं नाव शेवटी आलंय. ते आधी घ्या.

रबाळ्याचा मामा
घेतलं. “तुझी आजी, मामा आणि मामी.”