तान्ह्या बाळाला तापासह लघवीचं इन्फेक्शन: सुई, सिरप आणि नंतरचा स्कॅन

तिरंदाज
बाळाला ताप आला, लघवीत पस निघाला की लगेच ॲडमिट, आठवडाभर सुया, घरी सोडताना हातात दोन स्कॅनची चिठ्ठी. तोंडी औषधाने तेच काम होतं हे जगजाहीर आहे. हा निव्वळ बिल फुगवण्याचा उद्योग आहे. पटत नसेल तर पुराव्यानिशी बोला.

बालवैद्य_सातारा
पुराव्यानिशीच बोलतो, कारण अशी अर्धी गोष्ट वाचून कोणीतरी सहा आठवड्यांच्या बाळाला सिरपवर ठेवेल.

अमेरिकेत 1999 साली 306 मुलांवर चाचणी झाली, वय एक ते चोवीस महिने. निम्म्यांना पहिल्या दिवसापासून तोंडी सेफिक्झिम, निम्म्यांना तीन दिवस शिरेतून सेफोटॅक्झिम आणि मग तोंडी. ताप दोन्हीकडे साधारण चोवीस-पंचवीस तासांत उतरला. सहा महिन्यांनी स्कॅनवर किडनीत व्रण दिसले ते तोंडीवाल्यांत 9.8 टक्के, सुईवाल्यांत 7.2 टक्के, आणि तेवढा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो. 2007 मध्ये इटलीतल्या 502 मुलांवर को-अमॉक्सिक्लॅव्ह वापरून तसंच उत्तर आलं. इथवर तुमचं खरं आहे.

पण त्या चाचण्यांत कोण नव्हतं तेही बघा. महिन्याच्या आतली बाळं नव्हती. इटलीत सेप्सिसची लक्षणं असलेली आणि सतत ओकणारी मुलंही वगळली होती. दोन-तीन महिन्यांच्या आतलं बाळ, ओकणारं, अंगावर न पिणारं, मलूल पडलेलं बाळ सुईवरच जातं. बाकीच्यांत सुई सुरू केली तरी ताप उतरून बाळ नीट प्यायला लागलं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सिरपवर आणता येतं. एकूण सात ते दहा दिवस पुरतात. आठवडाभर सुया बहुतेकांना लागत नाहीत, हेही कबूल.

जुना_जाणता
डॉक्टर, चाचण्या अमेरिका-इटलीच्या. आपल्याकडचा इ. कोलाय सेफिक्झिमला दाद देतो का? निम्मे रिपोर्ट 'आर' येतात. म्हणून वर्षाच्या आतल्या प्रत्येक बाळाला सेफ्ट्रायॅक्सोन शिरेतून, हीच सुरक्षित वाट. आणि त्याच 1999 च्या चाचणीत तिसऱ्या-चौथ्या ग्रेडचा रिफ्लक्स, म्हणजे मूत्राशयातली लघवी उलटी किडनीकडे चढणं, असलेल्या मुलांत तोंडी औषधावर 33 टक्के व्रण आणि सुईवर साडेचार, हे सोयीस्करपणे गाळलंत.

कल्चरप्लेट
'आर' येतो म्हणून सेफ्ट्रायॅक्सोन, हे माझ्या डोक्यात बसत नाही. औषध फोडणारं एन्झाइम बनवणारा जो ईएसबीएल जंतू सेफिक्झिम फोडतो, तोच सेफ्ट्रायॅक्सोनही फोडतो. दोघं एकाच घरातली. औषध शिरेतून गेलं म्हणून जंतूचं एन्झाइम गप्प बसत नाही. प्लेटवर दोन्ही चकत्यांभोवती वाढ तेवढीच जवळ आलेली दिसते.

अशा वेळी औषध बदलावं लागतं. ॲमिकॅसिन अशा बऱ्याच जंतूंवर अजून चालतं, किलोमागे 15 मिलिग्रॅम, दिवसातून एकदा. ते तोंडी मिळत नाही म्हणून सुई लागते. क्रिएटिनिन ठीक असेल आणि बाळ पीत असेल तर डे-केअरमध्ये रोज येऊन घेता येतं. जुन्या रिपोर्टांवरून तुमच्या गावात काय चालतंय ते लॅबला विचारून ठेवा.

जुना_जाणता
एन्झाइमचा मुद्दा बरोबर आहे, घेतला. रिफ्लक्सचं उत्तर मात्र कोणी दिलेलं नाही.

बालवैद्य_सातारा
देतो. तो गट लहान होता आणि आकडे योगायोगाच्या सीमेवरच होते. शिवाय पहिल्या तापाच्या रात्री बाळाला रिफ्लक्स आहे हे कळतच नाही, मग त्यावरून औषधाचा मार्ग ठरवणार कसा? पण शंका पूर्ण मिटली असं मीही म्हणणार नाही. आधीपासून मोठा रिफ्लक्स माहीत असलेल्या बाळाला मी स्वतः सुईने सुरुवात करतो.

व्रणाचं नातं उशिराशी जास्त घट्ट आहे. 2016 च्या एका विश्लेषणात व्रण पडलेल्या मुलांना औषध सुरू होण्याआधी मध्यक 72 तास ताप होता, बाकीच्यांना 48. 'व्हायरल असेल' म्हणत तिसरा दिवस उजाडू देणं हे सुई की सिरप या वादापेक्षा महाग पडतं.

रानजाई
माझा प्रश्न वेगळा आहे. मुलगी आठ महिन्यांची, आठ किलो. ताप 102, दोन दिवस. पिशवी लावून लघवी घेतली. रिपोर्टमध्ये पस सेल 2-3, कल्चरमध्ये इ. कोलाय, क्लेबसिएला आणि एंटरोकॉकस तिन्ही. पाच दिवस इंजेक्शन झाली. आता तीन आठवड्यांनी किडनीचा स्कॅन करायला सांगितलाय. करू का?

कल्चरप्लेट
ताई, आधी पिशवीबद्दल बोलू द्या, कारण या धाग्यातलं खरं दुखणं तिथे आहे.

तिन्ही जंतू एकदम आणि पस जवळजवळ नाही, हे मूत्राशयातलं चित्र नाही, कातडीवरचं आणि शीच्या जागेचं आहे. पिशवीतल्या लघवीचा उपयोग एकाच बाजूने होतो. डिपस्टिक आणि मायक्रोस्कोपी स्वच्छ आली तर इन्फेक्शन बहुधा नाही. वाढ दिसली तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. अशी वाढ दिसते, उपचार होतात, मग 'वर्षाच्या आतलं इन्फेक्शन' म्हणून स्कॅन होतात. चूक पहिल्या पाच मिनिटांत होते आणि वर्षभर सोबत राहते.

तिरंदाज
मग काय तान्ह्या पोरीला नळी घालायची? एवढ्याशा जिवाला?

कल्चरप्लेट
हो, घालायची. पाच नंबरची इन्फंट फीडिंग ट्यूब, जागा नीट पुसून. पहिले थेंब सोडून द्यायचे, पुढचे डबीत. मुलींत नळी चुकून योनीत गेली तर ती तिथेच राहू द्यायची आणि दुसरी नवी नळी तिच्या वरच्या बाजूला घालायची. तीच काढून पुन्हा घातली तर नमुना बिघडला. मुलाची कातडी जोर लावून मागे ओढायची नाही.

नळी नकोच असेल तर झेललेली लघवी चालते. दूध पाजून अर्ध्या तासाने, गार सलाईनमध्ये भिजवलेला गॉझ ओटीपोटावर गोल-गोल फिरवायचा, डबी तयार ठेवायची. मेलबर्नच्या 2017 च्या चाचणीत पाच मिनिटांत 31 टक्के बाळांनी लघवी केली, नुसती वाट पाहणाऱ्यांत 12 टक्के. म्हणजे दोन-तृतीयांश वेळा फसतं, आणि बाळ आजारी असेल तर तासभर वाट बघत बसू नये. तेव्हा नळीच.

नमुना अर्ध्या-एक तासात प्लेटवर गेला पाहिजे, नाहीतर फ्रिजमध्ये. गाडीच्या डिकीत दोन तास फिरलेल्या डबीत इ. कोलाय वीस मिनिटांना दुप्पट होतो. आणि हे सगळं अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसाआधी. डोसानंतर काही तासांत लघवीतली वाढ थांबू शकते, मग खरं काय होतं ते कधीच कळत नाही.

बालवैद्य_सातारा
डिपस्टिकवरच्या नायट्राइटवर फार विसंबू नका, एवढीच भर. जंतूंना नायट्राइट बनवायला चारेक तास लघवी साठलेली लागते आणि तान्हं बाळ तासातासाला ओलं होतं. ते पॉझिटिव्ह आलं तर वजन द्या, निगेटिव्ह आलं म्हणून निश्चिंत होऊ नका.

जुना_जाणता
खेड्यात रात्री अकराला नळी कोण घालणार? तिथे पिशवीच मिळते.

कल्चरप्लेट
मग निदान चिठ्ठीवर 'पिशवीचा नमुना' असं लिहा. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक फॉर्मवर नुसतं 'यूरिन' असतं. नळीच्या नमुन्यात 50 हजार वाढीलाही अर्थ असतो, पिशवीत लाखालाही नसतो. कुठला नमुना ते माहीत नसेल तर मी रिपोर्टवर काय लिहू?

गॅमा_कॅमेरा
रानजाई ताई, तीन आठवड्यांनी डीएमएसए, म्हणजे किडनीतले व्रण दाखवणारा स्कॅन, करू नका. इन्फेक्शनच्या काळात निम्म्याहून अधिक बाळांच्या किडनीत फिकट डाग दिसतात आणि त्यातले बहुतेक पुढे भरून येतात. टिकणारा व्रण सुमारे 15 टक्क्यांतच राहतो. लवकर केलेल्या स्कॅनवर ताजी सूज आणि कायमचा व्रण वेगळे सांगता येत नाहीत. चार ते सहा महिने थांबायचं, आणि मध्ये पुन्हा इन्फेक्शन झालं तर तिथून नव्याने मोजायचं.

चिठ्ठीवर डीएमएसए लिहिलंय की डीटीपीए, तेही बघा. डीटीपीए लघवीचा निचरा अडलाय का ते दाखवतो, व्रणासाठी तो नाही. आमच्याकडे चुकीची चिठ्ठी घेऊन आलेली बाळं नेहमीची.

इंजेक्शननंतर दोन-तीन तासांनी चित्रं घेतात. तेव्हा बाळ पोट भरून, गुंडाळून, गाढ झोपलेलं हवं. हललेल्या बाळाच्या किडनीची कड धूसर होते आणि धूसर कड व्रणासारखी वाचली जाते. डाव्या किडनीच्या वरच्या बाजूला प्लीहेचा दाब पडून खोलगट दिसतं, तेही कधी कधी व्रण म्हणून लिहिलं जातं. डाव्या-उजव्या कामाची वाटणी 45 ते 55 मध्ये असेल तर ती नॉर्मल.

रानजाई
चिठ्ठीवर डीटीपीएच आहे.

बालवैद्य_सातारा
मग ही चिठ्ठी घेऊन परत डॉक्टरांकडे जा, आणि पस, तिन्ही जंतू आणि पिशवी या तिन्ही गोष्टी त्यांच्यासमोर ठेवा. सोनोग्राफी झाली नसेल तर ती करून घ्या, तिच्यात सुई नाही की किरण नाहीत. पुढच्या तापाला पहिल्या चोवीस तासांत नीट घेतलेली लघवी तपासा. त्या वेळी खरंच इन्फेक्शन होतं की नव्हतं हे आता कोणालाच ठामपणे सांगता येणार नाही.

पुढे कधी सिरप लिहून दिलं तर बाटलीवरची ताकद वाचा. आठ किलोला सेफिक्झिम किलोमागे 8 मिलिग्रॅम म्हणजे दिवसाला 64. पाच मिलीत 50 वाल्या बाटलीतून 3.2 मिली दोनदा, 100 वालीतून 1.6 मिली दोनदा. दुकानात एक नसली की दुसरी देतात आणि मिली मात्र तेच राहतात.

तिरंदाज
म्हणजे स्कॅनबद्दल मी बरोबरच होतो.

बालवैद्य_सातारा
सरसकट स्कॅनबद्दल, हो. ब्रिटनमध्ये उपचारांच्या सूचना काढणारी संस्था नाइस सहा महिन्यांवरच्या, 48 तासांत सुधारलेल्या साध्या इ. कोलाय इन्फेक्शनला सोनोग्राफीसुद्धा मागत नाही. आपल्या बालमूत्रपिंडतज्ज्ञांच्या 2011 च्या सूचनेत वर्षाच्या आत सोनोग्राफी, रिफ्लक्स शोधणारा एक्स-रे म्हणजे एमसीयू, आणि डीएमएसए तिन्ही होते. त्यामुळे लिहून देणाऱ्या प्रत्येकाला लुटारू ठरवू नका, बरेच जण तेच शिकलेत.

पण 48 तासांत ताप हटला नाही, जंतू इ. कोलायखेरीज निघाला, क्रिएटिनिन वाढलं, मुलाची धार थेंब-थेंब पडते किंवा इन्फेक्शन पुन्हा झालं, तर सोनोग्राफी आणि चार-सहा महिन्यांनी डीएमएसए टाळू नका. बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल तर एमसीयूही. धारेचा मुलगा तर महिने थांबवायचाच नाही, त्याची सोनोग्राफी त्याच दिवशी.

जुना_जाणता
वर्षाच्या आत एमसीयू सोडायला माझं मन अजून धजत नाही. मोठा रिफ्लक्स सोनोग्राफीत दर वेळी दिसतोच असं नाही.

बालवैद्य_सातारा
दिसत नाही, खरं आहे. सापडल्यावर करणार काय, हा प्रश्न मात्र उरतो. रिफ्लक्सच्या 607 मुलांवर 2014 मध्ये जी चाचणी आली, तिच्यात रोजच्या प्रतिबंधक डोसाने पुन्हा होणारी इन्फेक्शन निम्म्यावर आली, व्रण मात्र कमी झाले नाहीत.

जुना_जाणता
निम्मी इन्फेक्शन वाचली, मला तेवढंही पुष्कळ आहे. मी एमसीयू लिहीत राहणार.