मदत हवी आहे: "बघतो" या एका शब्दावरून पहिला रुसवा. स्वभाव जुळत नाही असं समजायचं का?

खाडीअलीकडची

नमस्कार. मी गुहागर तालुक्यातली, वय २८, शृंगारतळीला औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. दीड महिन्यापूर्वी ओळखीतून स्थळ आलं. मुलगा खाडीपलीकडचा, दापोली तालुक्यातला, घरची हापूसची बाग तोच सांभाळतो. पत्रिका बघितली, ३६ पैकी २६ गुण जुळले. चार-पाचदा भेटलो, रोज रात्री फोन होतो, नुकतेच अहो-जाहोवरून अरे-तुरेवर आलो. मे महिन्यात साखरपुडा करू असं दोन्ही घरचं चाललंय.

गेल्या आठवड्यात डोंबिवलीहून आत्या आली. मी त्याला मेसेज केला, "रविवारी आत्या आहे, दुपारी जेवायला येशील का?" उत्तर आलं, "बघतो." आमच्या घरी बघतो म्हणजे नाही. बाबा कोणालाही तोंडावर नाही म्हणत नाहीत, बघतो म्हणतात, आणि समोरच्यालाही ते कळतं. मी आईला सांगितलं, तो येत नाहीये.

रविवारी जेवणं आटोपून मी ओटा पुसत होते आणि दीड वाजता अंगणात मोटारसायकल थांबली. मागे दोरीने बांधलेली आंब्याची पेटी. आईची धावपळ झाली, परत कुकर लावला. माझ्या तोंडून आत्यासमोरच निघालं, "अरे, कळवायचं तरी!" तो म्हणाला, "सांगितलं होतं ना, बघतो म्हणून." मग आमटी-भात जेवला, दुसऱ्यांदा भात घेतला नाही, सोलकढीची वाटी तशीच ठेवली आणि फेरीबोट चुकेल म्हणून सव्वादोनला निघाला.

संध्याकाळी मेसेज, "पोचलो. काळजी घ्या." घ्या! त्यानंतर चार दिवस फोन नाही, मेसेजला नुसतं हो आणि ठीक. आत्या म्हणते, आत्ताच असं तर पुढे काय. मला झोप लागत नाहीये. मनात यादीच तयार झालीय: स्पष्ट बोलत नाही, चारचौघांत राग दाखवतो, रुसून बसतो. ही धोक्याची सूचना समजायची का? आणि विषय काढायचा तर कसा?

मिरकरवाडा_७

ताई, मी सांगतो, विषय काढूच नका. रागाच्या भरात बोललं की शब्दाला शब्द वाढतो. आठ-दहा दिवस जाऊ द्या, आपोआप निवळेल. आम्हा पुरुषांना पाठी लागलेलं आवडत नाही.

मालवणची_सुलू

गो बाय, माझा घोव बोटीवर नोकरीक. लगीन झाला त्या वर्षी चार महिने बाहेर, फोन लागाचो नाय, मी रडान रडान अर्धी. नवरो लांब असलो की असाच होता. सासूवांगडा बोलत जा, ती सांगतली तुका त्याचो स्वभाव. माका सासूनच सांभाळल्यान.

खाडीअलीकडची

सुलूताई, लग्न अजून झालेलं नाही हो, साखरपुडाही नाही. त्याच्या आईशी मी दोनदाच बोललेय.

मालवणची_सुलू

अगो, मिया नीट वाचूकच नाय! मग सासूक मधी घालू नको, त्याच्याशीच बोल.

बागायतदार_दाभोळ

मुलाच्या बाजूने एक सांगतो, कारण मी हेच काम करतो. एप्रिलमध्ये आमचा दिवस आमच्या हातात नसतो. तयार झालेला आंबा थांबत नाही. सकाळी झेला घेऊन किती गडी येणार ते सकाळीच कळतं. काढलेला माल सावलीत आणायचा, निवडायचा, गवत घालून पेट्या भरायच्या, आणि वाशीला जाणारी गाडी येईल तेव्हा माल तयार हवा. अशा वेळी कोणी विचारलं येणार का, तर मी पण बघतो म्हणेन. आमच्याकडे त्याचा अर्थ "जमवायच्या खटपटीला लागतो" असा होतो. भर हंगामात रविवारी दुपारी फेरीबोटीने पलीकडे येणं म्हणजे त्याने निम्मा दिवस सोडला. ताई, मुलगा चांगला आहे, तुम्ही उगाच मनाला लावून घेताय.

सावित्री_चिपळूण

दादा, हे पटलं नाही. खटपट केली असेल, पण निघताना एक फोन करायला गडी लागत नाहीत. माझे मिस्टर आठ वर्षं बघतो म्हणतात. गॅस संपला, बघतो. मुलाची फी, बघतो. शेवटी बघते मीच. पहिल्याच आठवड्यांत जे दिसतं तेच पुढे वाढतं, असा माझा अनुभव आहे. ताईची शंका खोटी नाही.

समुपदेशक_रत्नागिरी

लग्नाआधीच्या आणि लग्नानंतरच्या जोडप्यांशी बोलण्याचंच काम मी गेली चौदा वर्षं करतेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

खाडीअलीकडची, तू लिहिलंयस त्यातून आधी एवढंच वेगळं काढ, की ओट्याजवळ कॅमेरा असता तर त्यात काय दिसलं असतं. "बघतो" हा मेसेज. दीड वाजता आलेला माणूस आणि पेटी. "कळवायचं तरी" आणि "सांगितलं होतं ना". दुसऱ्यांदा न घेतलेला भात. "काळजी घ्या". कॅमेऱ्यात एवढंच आहे. "रुसून बसतो" कॅमेऱ्यात नाही, ते तू त्याचं वर्णन केलंस. आणि "स्वभाव जुळत नाही" हे तर त्या वर्णनावर उभं केलेलं अनुमान. दीड महिन्यात माणसाबद्दलची माहितीच थोडी असते, म्हणून मिळालेल्या एका प्रसंगावर आपण फार वजन टाकतो. दहा वर्षांच्या संसारात हाच प्रसंग संध्याकाळी विसरला गेला असता.

रेमंड नी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९९८ साली यावर लिहिलं होतं. काहींच्या मनात असतं की जोडी एकतर जमलेली असते नाहीतर नसते, काहींच्या मनात असतं की ती जमवत न्यायची असते. पहिल्या प्रकारची माणसं सुरुवातीला कसं वाटतंय याकडे निकालासारखी बघतात, आणि त्यांच्या बाबतीत नातं किती टिकतं हे त्या सुरुवातीच्या वाटण्याशी जास्त बांधलेलं दिसलं. आपल्याकडे तर २६ गुण जुळल्यावर मुलगी मनातल्या मनात सत्ताविसावा शोधत बसते, आणि तो ओट्याजवळ हुकला की सगळंच हुकलं असं वाटतं.

मिरकरवाडा_७ यांचं अर्धं बरोबर आहे. राग चढलेला असताना बोलू नये. पण त्यासाठी तासभर, फार तर एक रात्र पुरते. आठ-दहा दिवस गप्प राहिलं की दोन्ही बाजूंना रोज नवा अर्थ सापडतो, जसा तुला चार दिवसांत तीन कलमांचा सापडला. थांबायचं असेल तर "उद्या रात्री बोलू" असं सांगून थांबावं.

विषय मेसेजवर काढू नकोस. भांडण मेसेजमधल्या एका शब्दावरून झालं, आणि लिहिलेल्या शब्दाला आवाज नसतो. भेटून बोल, नाही जमलं तर फोनवर. सुरुवात तुझ्या बाजूच्या चुकीच्या समजुतीपासून कर, कारण ती खरंच झाली होती. साधारण असं: "रविवारी तू आलास तेव्हा मी गडबडले. आमच्याकडे बघतो म्हणजे नाही, म्हणून मी आईला तू येत नाहीस असं सांगून मोकळी झाले. आत्यासमोर बोलले ते चुकलं. तुला त्या शब्दात काय म्हणायचं होतं?" आणि इथे थांब. तो गप्प राहिला तरी ती शांतता भरून काढू नकोस. मनातली यादी त्या दिवशी बाहेर काढायची नाही, "तू नेहमी" हे शब्द तर नाहीच. दीड महिन्यात नेहमी म्हणण्याइतकं काही घडलेलंच नसतं.

आता सावित्रीताईंचं. त्यांचा अनुभव खरा आहे, पण तो एका रविवारचा नाही, आठ वर्षांचा आहे. मी बघते ते गैरसमजानंतर काय होतं ते. विचारल्यावर तो स्वतःची बाजू सांगतो, तुझीही विचारतो, आणि पुढच्या वेळी थोडा तरी बदल दिसतो, तर हा घराघरांतल्या बोलण्याचा फरक होता. पण विचारल्यावर टर उडवली, तुझ्या घरच्यांना नावं ठेवली, माफी मागून घेण्यासाठी मुद्दाम अबोला लांबवला, आणि हेच दुसऱ्या-तिसऱ्या प्रसंगात झालं, तर त्याला गैरसमज म्हणत बसू नकोस. धमकी, पाळत किंवा हात उगारणं असेल तर दुसऱ्या प्रसंगाची वाटही बघायची नाही. तुझ्या लिहिण्यात तसं काही दिसत नाही. रागात असूनही "पोचलो" कळवलंय त्याने.

आत्याला मात्र आता रोजची बातमी देऊ नकोस. तुमचं मिटेल तेव्हा ती डोंबिवलीला असेल, आणि तिच्या मनात तो रविवारच राहील.

सावित्री_चिपळूण

मॅडम, मान्य, पण तेव्हा मलाही सगळे हेच म्हणाले होते, एका प्रसंगावरून ठरवू नकोस. किती प्रसंग मोजायचे?

समुपदेशक_रत्नागिरी

आकडा माझ्याकडे नाही, ताई. मी बघते ते एवढंच, की तुम्ही पहिल्यांदा बोललात तेव्हा पुढच्या वेळी काही हललं का.

सावित्री_चिपळूण

नाही हललं. आणि दुसऱ्यांदा मी बोललेच नाही.

खाडीअलीकडची

काल बोललो. मीच दाभोळला गेले, तो जेटीवर आला होता. सांगितलं तसंच सुरू केलं, फक्त "चुकलं" म्हणताना रडू आलं. तो बराच वेळ गप्प होता. एक फेरीबोट लागली, गाड्या उतरल्या, चढल्या, सुटली, तरी गप्प. मी काही बोलले नाही. फार अवघड गेलं.

मग त्याने फोन काढून दाखवला. रविवारी फेरीबोटीतून "निघालो, दीडपर्यंत येतो" असा मेसेज टाकला होता. खाडीत रेंज नव्हती, तो गेलाच नाही, आणि त्यानेही परत बघितलं नाही. त्याला लागलं होतं ते वेगळंच. त्या पेटीतले आंबे त्याच्या आईने एकेक हातात घेऊन निवडले होते, आमच्याकडे पहिल्यांदा जाणार म्हणून. गडबडीत ती पेटी आम्ही ओटीवरच ठेवली, कोणी उघडलीसुद्धा नाही. घरी गेल्यावर आईने विचारलं, आवडले का, आणि त्याला काय सांगावं कळेना. हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

ठरलं असं, की बघतो म्हणायला हरकत नाही, पण नक्की कधी सांगणार ते त्याच वाक्यात सांगायचं. मी पण गृहीत धरण्याआधी एक फोन करायचा.

चार दिवसांच्या अबोल्याचं मात्र नीट उलगडलं नाही. तो म्हणाला, "मला राग आला की बोलता येत नाही, घरात बाबांचंही तसंच आहे." मी म्हटलं, मला चार दिवस झेपणार नाहीत. त्यावर तो "बघतो" म्हणाला, मग स्वतःच थांबला आणि म्हणाला, "एक दिवस. जास्तीत जास्त."

बागायतदार_दाभोळ

पेटी उघडली का मग?

खाडीअलीकडची

उघडली. चार आंबे डागळले होते, बाकीचे चांगले पिकलेत. आईने आत्ता त्याच्या आईला फोन लावलाय, आतून आवाज येतोय.

सावित्री_चिपळूण

ताई, तो एक दिवस पाळला जातो का, ते साखरपुड्याआधी इथे येऊन नक्की लिही. मी वाट बघते.