मदत हवी आहे: ठिबक सिंचनाच्या व्हिडिओत खर्चाची तुलना कशी दाखवावी?

पोफळवाडी
नमस्कार. गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या कुळागरांसाठी मी ठिबकविषयी दहा मिनिटांचा व्हिडिओ तयार करीत आहे. चित्रीकरण आमच्याच अडीचशे पोफळींच्या बागेत झाले असून प्रत्येक झाडाला ताशी चार लिटरचे दोन ड्रिपर आहेत. दोन तासांत झाडाला सोळा लिटर पाणी मिळावे, असा हिशेब आहे. दोन ठिकाणी मी अडलो आहे. खर्चाच्या आलेखात ठिबकचे ४८,००० आणि रबरी पाइपचे ६,००० रुपये असे दोन स्तंभ उभे केले, तर ते पाहून कोणीही ठिबक घेणार नाही. शिवाय प्रात्यक्षिकाच्या दृश्यांत सगळे ड्रिपर सारखेच ठिबकताना दिसतात, पण उताराच्या टोकाकडची झाडे मात्र पिवळी पडली आहेत.

केप्याचा बागायतदार
आलेखाआधी टोकाच्या झाडांकडे पाहावे. पहिल्या आणि शेवटच्या ड्रिपरखाली एकेक मापाचा मग ठेवून, घड्याळ चौकटीत घेऊन, कॅमेरा न हलवता पंधरा मिनिटे चित्रीकरण करावे आणि नंतर ते वेगाने दाखवावे. दोन्ही मगांत एक लिटरच्या आसपास पाणी जमायला हवे. ठिबकताना दिसणे आणि पुरेसे पडणे यांतला फरक डोळ्यांना कळत नाही, तो मगात कळतो.

माडांचो राखणदार
माझ्या मते फिल्टर बदला, प्रश्न मिटेल. आमच्याकडे जाळीचा फिल्टर धुतल्यावर लगेच प्रवाह वाढला.

केप्याचा बागायतदार
वाळू किंवा पाचोळा असेल, तर आपले म्हणणे बरोबर आहे. मात्र जांभ्याच्या जमिनीतल्या विहिरींच्या आणि बोअरच्या पाण्यात पुष्कळदा लोह विरघळलेले असते. ते जाळीतून निघून जाते आणि ड्रिपरच्या तोंडाशी हवा लागताच तांबडा, बुळबुळीत गाळ होऊन बसते. पांढऱ्या बादलीत पाणी रात्रभर ठेवावे. संध्याकाळी नितळ असलेले पाणी सकाळी तांबूस झाले, तर कारण कळले. असे पाणी उंचावरून टाकीत पाडावे, गाळ खाली बसू द्यावा, वरचे पाणी घ्यावे आणि मग ते फिल्टरमधून सोडावे.

काजूप्रेमी
माझ्या काजूच्या नव्या रोपांना ठिबक लावू का? उतार जास्त आहे आणि पाणी टँकरने आणावे लागते.

केप्याचा बागायतदार
तो वेगळा प्रश्न आहे, त्यासाठी स्वतंत्र धागा काढावा. उताराविषयी मात्र एक गोष्ट इथेही लागू पडते: दाब बदलला तरी प्रवाह जवळपास सारखा ठेवणारे ड्रिपर असतात, ते उतारावर कामी येतात.

पोफळवाडी
आज मग ठेवून पाहिले. पहिल्या ड्रिपरखाली एक लिटर पाणी जमले, तर शेवटच्या ड्रिपरखाली जेमतेम ६०० मिलिलिटर. म्हणजे शेवटच्या झाडाला दोन तासांत सोळाऐवजी साधारण साडेनऊ लिटरच पाणी मिळते. शेवटचा ड्रिपर उघडला, तेव्हा आत नखाने निघेल असा तांबडा थर होता. ते दृश्य जवळून टिपले आहे. आता आलेखाविषयी सांगाल का?

केप्याचा बागायतदार
एकरकमी खर्च न दाखवता वर्षाचा खर्च दाखवावा. आपल्या ४८,००० पैकी मुख्य पाइप आणि फिल्टर यांचे २०,००० दहा वर्षांवर, तर बारीक नळ्या आणि ड्रिपर यांचे २८,००० सात वर्षांवर वाटले, तर वर्षाला ६,००० येतात. दुरुस्तीचे १,५०० धरावे. रबरी पाइप तीन वर्षे टिकतो असे धरल्यास त्याचे वर्षाला २,००० होतात. डिसेंबर ते मे या काळात दिवसाआड तीन तास शिंपण केले, तर सुमारे नव्वद फेऱ्या, म्हणजे २७० तास होतात. आठ तासांना सहाशे रुपये रोजाने ते जवळपास ३४ दिवसांचे २०,४०० रुपये झाले. ठिबकवर याच काळात आठवड्यातून दोन तास नळ्या पाहण्यात गेले, तर सुमारे ३,९०० रुपये लागतात. एकूण ठिबक ११,४०० आणि पाइप २२,४००. विजेचा खर्च आपल्या बिलावरून घालावा.

माडांचो राखणदार
पण शिंपण आम्ही स्वतः करतो, त्याचा रोज कोणालाही द्यावा लागत नाही. तो धरला नाही, तर ठिबक ७,५०० आणि पाइप २,००० असे होते. मग ठिबक स्वस्त कसे म्हणायचे?

केप्याचा बागायतदार
आपला मुद्दा खरा आहे आणि तो लपवू नये. माझ्या मते दोन आलेख दाखवावेत: एक मजुरी धरून, दुसरा न धरता. स्वतःच्या २७० तासांची किंमत ज्याची त्याने ठरवावी. अनुदानाची रक्कम स्तंभातून वजा न करता वेगळ्या रंगात दाखवावी, कारण पुष्कळदा आधी पूर्ण पैसे भरावे लागतात.

पोफळवाडी
दोन्ही आलेख घेतो आणि मगाचे दृश्य सुरुवातीलाच ठेवतो. टाकीत पाणी निवळवण्याचा प्रयोग या आठवड्यात सुरू करीत आहे. मात्र टाकी बांधण्याचा खर्च ठिबकच्या स्तंभात धरावा की विहिरीच्या, हे अजून ठरत नाही. ज्यांनी लोहाच्या पाण्यासाठी टाकी बांधली आहे, त्यांनी आपला हिशेब इथे द्यावा, अशी विनंती आहे.