व्हीआयएक्स दहावर: लांबचं ऑप्शन घ्यायचं की कॅलेंडर?

शाहूपुरी पाचवी गल्ली
इंडिया व्हीआयएक्स दहाच्या आसपास रेंगाळतोय, प्रीमियम स्वस्त दिसतायत. नुसतं लांबचं ऑप्शन घेतलं तर थिटा, म्हणजे रोजची झीज, खातो, म्हणून निफ्टीचं कॅलेंडर टाकायचं म्हणतोय. 25,000 चा 30 दिवसांचा पुट विकायचा आणि 90 दिवसांचा घ्यायचा. व्हीआयएक्स उडाला की लांबचा फुगेल, जवळचा तोवर झिजेल. भांडवल 4 लाख. यात कुठं चुकतंय का?

मंगळवार पेठ
काय चुकत न्हाई भावा. लांबच्या पुटात वेगा जास्त, जवळच्यात कमी. म्हणजे आयव्ही, ऑप्शनच्या किमतीत धरलेली अस्थिरता, वाढली की तुझा फायदाच. मी आत्ताच पेऑफच्या सॉफ्टवेअरात घालून बघितलं. निफ्टी हजार पॉइंट खाली आणि आयव्हीचा स्लायडर 8 नं वर सरकवला, तरी हिरवंच दाखवतंय. व्हीआयएक्स दहावर असताना कॅलेंडर न टाकणारा माणूस रस्त्यावरचे पैसे सोडून चाललाय.

आजरा घनसाळ
मंगळवार पेठवाले, तुमचा स्लायडरच गडबड करतोय. तो दोन्ही लेगची आयव्ही सारखीच वाढवतो. बाजार तसं करत नाही.

आधी एक साधी गोष्ट. व्हीआयएक्स मोजतो पुढच्या 30 दिवसांची अस्थिरता. तो दहावर आहे म्हणजे जवळचा महिना स्वस्त आहे. लांबचा महिना अशा काळात बहुतेक वेळा त्याच्यावर असतो. शाहूपुरीकर, तुम्ही ज्याला स्वस्त म्हणताय तोच पुट विकताय आणि त्यापेक्षा महाग घेताय.

आकडे मांडते. व्याज बाजूला ठेवू, दोन्ही महिन्यांचं फ्युचर 25,000 धरू. जवळच्याची आयव्ही 10, तो पुट साधारण 286 ला. लांबच्याची 12, तो 594 ला. तुमच्या खिशातून गेले 308 पॉइंट, 65 च्या लॉटला 20,020 रुपये.

आता तुम्हाला हवं तेच झालं म्हणू. आठवड्याभरात निफ्टी 24,000 वर आला आणि व्हीआयएक्स दुपटीच्या जवळ गेला. जवळच्या पुटाची आयव्ही 10 वरून 18 झाली, लांबच्याची 12 वरून 15. जवळचा पुट 1,110 ला जातो, लांबचा 1,310 ला. फरक उरला 200. म्हणजे अंदाज बरोबर येऊनही 108 पॉइंट, लॉटमागे सात हजार गेले. स्लायडरसारखी लांबच्याचीही आयव्ही 8 नं वाढून 20 झाली असती, तर तो 1,516 ला असता, फरक 406 झाला असता आणि तुम्ही 98 पॉइंट फायद्यात असता. मंगळवार पेठेतलं हिरवं ते हेच.

मंगळवार पेठ
ताई, पण लांबच्याची आयव्ही 3 नंच का वाढायची? भीती काय महिना बघून येते व्हय?

आजरा घनसाळ
महिना बघून येत नाही, पण महिन्याभरात ओसरते, हे बाजाराला माहीत असतं. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी काही दिवसांत 20 फुटांवरून 40 वर जाते, इशारा पातळी 39 ओलांडते. म्हणून पुढच्या तीन महिन्यांची सरासरी दुप्पट धरता का तुम्ही? जवळची आयव्ही म्हणजे या आठवड्याचं पाणी, लांबची म्हणजे अख्ख्या पावसाळ्याची सरासरी.

4 जून 2024 आठवा. निकालाच्या दिवशी निफ्टी जवळजवळ 6 टक्के पडला, व्हीआयएक्स दिवसात तिशीपर्यंत जाऊन आला आणि दुसऱ्या दिवशी 20 च्या आत होता. अशा एका दिवसाच्या पुराचे लांबचं ऑप्शन घेणारा किती पैसे देईल?

ठोकताळा असा की आयव्हीतली वाढ मुदतीच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात कमी होत जाते. वेगा मात्र वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. दोन्ही गुणले की लांबच्याचा जास्तीचा वेगा जवळपास कापला जातो. शिवाय निफ्टी स्ट्राइकपासून लांब गेला की कॅलेंडरला गॅमाचा मार बसतो, तो वेगळाच. आणि निफ्टीचा व्हीआयएक्स बहुतेक वेळा पडझडीतच उडतो, तुमच्या स्ट्राइकवर बसून नव्हे.

शाहूपुरी पाचवी गल्ली
म्हणजे कॅलेंडर कधीच टाकायचं नाही?

आजरा घनसाळ
तसं नाही म्हटलं. बाजार शांतच राहणार असं वाटत असेल तर टाका. 30 दिवसांनी निफ्टी 25,000 वरच असला, जवळचा शून्य झाला आणि लांबच्याची आयव्ही 11.5 वर आली, तर त्या 60 दिवसांच्या पुटाचे 465 येतात. 308 चे 465. आयव्ही 10 पर्यंत घसरली तरी 404. हा चांगला सौदा आहे, फक्त तो वादळाचा नाही. वादळ हवं असेल तर विकलेला लेग नको. त्याच पडझडीत नुसता 90 दिवसांचा पुट 594 चा 1,310 झाला असता.

लक्ष्मीपुरी
इथंच माझं ताईंशी जमत नाही. 2017 साली मी हेच केलं होतं. व्हीआयएक्स इतका खाली कधी नव्हता, आता वरच जाणार, म्हणून तिमाही स्ट्रॅडल, एकाच स्ट्राइकचा कॉल आणि पुट दोन्ही, घेत राहिलो. वर्षभर तो खालीच बसून राहिला आणि निफ्टी मुंगीच्या पावलांनी वर चढत गेला. दर तिमाहीला थोडं थोडं रक्त गेलं. एकदम गेलं असतं तर निदान शहाणा तरी झालो असतो.

खाली आहे म्हणून स्वस्त आहे, हे मला पटत नाही. भेंडी 20 रुपये पाव म्हणजे स्वस्त की महाग, हे बाजारात आवक किती आहे त्यावर ठरतं. 12 आयव्ही म्हणजे रोजच्या हालचालीचं प्रमाण विचलन पाऊण टक्का, 25,000 वर 190 पॉइंटच्या आसपास. निफ्टी खरोखर 8 च्या गतीनं चालला असेल तर तो आकडा 125 च्या आसपास येतो. मग तुम्ही 190 चे पैसे भरून 125 चा माल घेताय. मी हल्ली आधी हे बघतो. बी कॉलममध्ये रोजचे परतावे आणि खाली एवढंच:

```
=STDEV(B2:B21)*SQRT(252)
```

घ्यायच्या ऑप्शनची आयव्ही याच्यापेक्षा दोन-तीन टक्क्यांनी जास्त असेल तर व्हीआयएक्स कितीही खाली असो, मी हात लावत नाही.

आजरा घनसाळ
काका, 20 दिवसांचा आकडा मागचं सांगतो. पुढचं सांगत नाही. 7 एप्रिल 2025 च्या आदल्या शुक्रवारी व्हीआयएक्स 14 च्या आत होता, सोमवारी 22 च्या वर बंद झाला. तुमच्या कॉलमात त्याचा मागमूस दिसला असता का?

लक्ष्मीपुरी
नसता दिसला. पण तो सोमवार पकडायला किती तिमाह्या प्रीमियम भरत बसायचं, तेही सांगा की.

हुपरी चांदी
मी निफ्टीत नाही. माझ्याकडं पैंजणाचा माल असतो, चांदी पडली की पोटात गोळा येतो. एमसीएक्सवर चांदीचं असंच कॅलेंडर टाकलं तर मालाला संरक्षण मिळेल का? म्हणजे लांबचा पुट घ्यायचा आणि जवळचा विकून त्याचा खर्च काढायचा?

आजरा घनसाळ
दादा, तुमचा प्रश्न वेगळा आहे. एक तर निफ्टीचा व्हीआयएक्स खाली आहे म्हणून चांदीची आयव्ही खाली असते असं नाही, ती स्वतंत्र बघा. दुसरं, तिथलं ऑप्शन चांदीच्या फ्युचरवर असतं. जवळचं ऑप्शन एका महिन्याच्या फ्युचरवर, लांबचं दुसऱ्याच महिन्याच्या, आणि एक्स्पायरीला पैशात असलेलं ऑप्शन फ्युचरमध्ये बदलतं. चांदी पडली तर तुम्ही विकलेला पुट तुमच्या अंगावर खरेदीचं फ्युचर टाकेल, आणि घरात माल आहेच. लांबचा पुट आहे म्हणून तोटा काही प्रमाणात थांबेल, पण ज्या पडझडीची भीती आहे तिच्यातच संरक्षण पातळ होईल. तुम्हाला नुसता पुट हवा, किंवा मालाइतकं फ्युचर विकणं. खर्च बोचेल, पण तो विम्याचा हप्ता आहे.

रंकाळा टॉवर
एक्स्पायरीचं कुणी बोललंच नाही. 1 फेब्रुवारी 2025 पासून सेबीनं एक्स्पायरीच्या दिवशी कॅलेंडरची मार्जिन सवलत काढली. म्हणजे महिनाभर तुम्ही थोड्या मार्जिनवर बसता, आणि शेवटच्या दिवशी जवळचा विकलेला लेग उघडा धरला जातो. 25,000 गुणिले 65, म्हणजे सव्वासोळा लाखांचा करार, त्याचं पूर्ण मार्जिन लागतं. मी सकाळी बँकेच्या रांगेत होतो, ब्रोकरचे तीन मेसेज येऊन पडलेले. पैसे भरेपर्यंत त्यांनी पोझिशन कापली, तीही लांबचा लेग आधी. दंड वेगळा. चूक माझीच, आदल्या दिवशीच रोल करायला हवं होतं. पण सवलत संपल्याची एक ओळ आधी पाठवायला त्यांचं काय जात होतं?

शाहूपुरीकर, 4 लाखांत एक लॉट टाकलात तर निभावेल. चार टाकलेत तर त्या दिवशी तुमचीही तीच गत.

मंगळवार पेठ
हे मला म्हाईत नव्हतं. मी साप्ताहिक विकून महिन्याचा घेतो, दर मंगळवारी हेच चालू असणार की मग. तरीच अधूनमधून दंडाची ओळ दिसायची.

ताई, स्लायडरचं पटलं. दोन्ही लेगची आयव्ही वेगवेगळी टाकून बघितली, लाल झालं. पण एक सांगा, स्ट्राइक 25,000 ऐवजी 24,000 चा घेतला तर? पडझड झाली की बाजार तिथंच येऊन बसेल न्हवं?

आजरा घनसाळ
तिथं येऊन थांबला तर कमाल होईल. 23,400 ला थांबला तर पुन्हा तीच कथा. खालचा स्ट्राइक घेतला की कॅलेंडर वादळाच्या बाजूला थोडं झुकतं, हे खरं आहे. पण मग तुम्ही अस्थिरतेचा नव्हे, जागेचा अंदाज लावताय. मी कधीकधी लावते. दहापैकी किती बरोबर आले ते विचारू नका.

शाहूपुरी पाचवी गल्ली
मग नुसतं लांबचं घ्यायचं ठरवलं तर किती लांब? डिसेंबर बघितला तर 25,000 ला बरी उलाढाल आहे. शेजारच्या 25,150 ला खरेदीदार आणि विक्रेता यांच्यात चाळीसेक पॉइंटची दरी.

रंकाळा टॉवर
मग 25,150 कडं बघूच नका. लांबच्या महिन्यात गोल आकडे, हजाराचे तर उत्तमच. लिमिट टाकायची आणि चहा प्यायला जायचं. मार्केट ऑर्डर टाकलीत तर व्हीआयएक्स दहाचा की पंधराचा, सगळं त्या दरीतच जातं.

लक्ष्मीपुरी
आणि 90 दिवसांचं स्ट्रॅडल घेणार असाल तर 1,188 पॉइंट, लॉटला 77,220 रुपये. महिनाभर काहीच झालं नाही आणि आयव्ही अर्धा टक्का उतरली, तर त्यातले 16 ते 17 हजार गेलेले असतील. हा आकडा आजच कागदावर लिहून ठेवा.

आजरा घनसाळ
काकांचा आकडा बरोबर आहे. म्हणून मी स्ट्रॅडल नाही, एकच पुट घेते, आणि तोही 30 दिवस उरायच्या आत विकून पुढचा घेते. शेवटच्या महिन्यात झीज फार वेगानं होते.

लक्ष्मीपुरी
म्हणजे दर दोन महिन्यांनी हप्ता. 2017 मध्ये मीही असंच म्हणायचो.

शाहूपुरी पाचवी गल्ली
कॅलेंडर रद्द. 25,000 चा एक पुट, लिमिट 590, अजून भरलेली नाही. विक्रेता 604 वर अडून बसलाय.