जुना दस्त जसाच्या तसा टाइप करून उतरवताना सहीच्या जागी नाव टाइप करावं का?

"सहीखाली नाव लिहिलेलंच आहे, मग सहीच्या जागी तेच टाइप केलं तर काय बिघडतं?"

बिघडतं. आमच्या जुन्या खरेदीखतात आजीचा अंगठा आहे. भोवती "निशाणी डावे हाताचा अंगठा" असं लिहून पुढे तिचं नाव आणि "दस्तुर" म्हणून लेखनिकाचं. म्हणजे ते अक्षर आजीचं नाहीच. मी आधी "सही" लिहून तिचं नाव टाइप केलं होतं. वाचणाऱ्याला वाटलं असतं, आजीला लिहिता येत होतं. आता तिथे [अंगठ्याचा ठसा, काळी शाई] एवढंच आहे, आणि भोवतीचा मजकूर कंसाबाहेर, जसाच्या तसा. चौकटी कंसात फक्त माझे शब्द, हे पक्कं.

शिक्क्यालाही तेच, फक्त त्यावरची अक्षरं अवतरणचिन्हांत: [गोल शिक्का, जांभळा, वाचता येतं ते: "दुय्यम निबं…", गावाचं नाव पुसट, ओळ 4 व 5 वर उमटलेला]. गाव कोणतं ते पहिल्या पानावरून कळतं, पण ते तळटीपेत जातं, शिक्क्यात नाही. ओळींचा उल्लेख मात्र गाळू नका. आमच्या दस्तात नेमका क्षेत्राचा आकडा शिक्क्याखाली आलाय, तो 3 की 8 हे ठरत नाही. शंका कशामुळे आहे, ते त्या एका नोंदीवरून कळतं.