गणपतीच्या सुट्टीत भरलेलं कार्डाचं बिल

> देय तारखेआधीच साताऱ्यात बँकेच्या पेटीत चेक टाकला, तरी लेट फी लागली. असं कसं?

चेक पेटीत पडतो ती तारीख धरत नाहीत, पैसे कार्डखात्यात जमा झाल्याची धरतात. 2026 चंच बघा. देय तारीख 14 सप्टेंबर, सोमवार, गणेश चतुर्थी. शुक्रवारी 11 ला पेटी रिकामी करून नेल्यावर चेक टाकला, तर 12 ला दुसरा शनिवार, 13 ला रविवार, 14 ला सुट्टी. चेक हलणार थेट मंगळवारी 15 ला.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार थकबाकी तीन दिवसांहून जास्त राहिली तरच लेट फी लावता येते. म्हणजे 17 पर्यंत जमा झालं तर फी नाही. व्याज मात्र लागू शकतं. 18 उजाडला, की थकबाकीचे दिवस 14 पासूनच मोजतात. चेकवर खाडाखोड असली की तो परत येऊ शकतो.

एनईएफटी डिसेंबर 2019 पासून सुट्टीतही चालू असते. खाते क्रमांकाच्या जागी कार्ड क्रमांक, आयएफएससी कार्डवाल्या बँकेचा. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक जपून ठेवा. तक्रारीत पेटीच्या फोटोपेक्षा तोच कामाला येतो.